लाखाला महिना दहा हजार : हा पैसा येतो कुठून?



गटाची बैठक संपते, बचत जमा होते, हप्ते वहीत चढतात आणि चहा येईपर्यंत कुणीतरी हळूच विषय काढतं. "अगं, एक लाख भरले की महिन्याला दहा हजार देतात. माझ्या जावेला पाच महिने झाले, दर एक तारखेला खात्यावर येतात." चाकण, महाळुंगे, निघोजे, भोसरी या आपल्या पट्ट्यात हे बोलणं जरा जास्तच कानावर येतं, कारण इथे एकरकमी पैसा येतो. कुणाच्या जमिनीचा मोबदला आलेला असतो, कुणाच्या मालकांना कंपनी सोडताना फंड मिळालेला असतो. आणि असा पैसा कुणाच्या घरी आला हे एजंटाला शेजाऱ्याच्या आधी कळतं.

हा हिशोब करायला वेगळं शिक्षण लागत नाही. तो आपल्या गटाच्या वहीतच आहे.

आपल्यातले बरेच गट सभासदांना अंतर्गत कर्ज शेकडा दोनने देतात. म्हणजे १०० रुपयांवर महिन्याला २ रुपये, वर्षाला २४. गटाचे एक लाख रुपये पूर्ण वाटलेले असले आणि प्रत्येकीने वेळेवर व्याज भरलं, तर महिन्याला २,००० रुपये जमतात. शेकडा दोन फेडताना किती ओढाताण होते हे आपल्याला ठाऊक आहे. दिवाळीनंतर आणि शाळा सुरू होताना दोघी-तिघींचे हप्ते मागे पडतातच. आता तो माणूस काय म्हणतो? शेकडा दहा. म्हणजे वर्षाला १२० टक्के. तुम्हाला दहा द्यायचे, एजंटाला कमिशन द्यायचं, ऑफिसचं भाडं भरायचं आणि स्वतःलाही काही ठेवायचं, तर त्याने तुमचा पैसा कमीत कमी शेकडा बारा-तेराने कुठेतरी लावला पाहिजे, तोही एकही महिना न चुकता. शेकडा दोन फेडताना आपल्याला घाम फुटतो. शेकडा तेरा फेडणारा तो कोण, हे एजंटाला विचारून बघा.

पोस्टाच्या मासिक उत्पन्न योजनेचा दर एप्रिल २०२३ पासून वर्षाला ७.४ टक्के आहे. एक लाखावर महिन्याला ६१६ रुपये पडतात. सरकारची हमी असलेल्या ठिकाणी ६१६, आणि अनोळखी माणूस १०,००० देतो म्हणतो. या दोन आकड्यांमधलं अंतर लक्षात असू द्या.

इथे एखादी ताई म्हणेल, आणि बरोबरच म्हणेल : "एमआयडीसीच्या गेटवर माझी वडापावची गाडी आहे. तीस हजार घातले, महिन्याला बारा हजार सुटतात. हे शेकडा चाळीस झालं की! मग त्याला दहा का नाही सुटणार?" प्रश्न चांगला आहे, म्हणून त्यावर थोडं थांबू. ते बारा हजार तीस हजारांचं व्याज नाही. पहाटे चारला उठून बटाटे उकडण्याची, दुपारपर्यंत उभं राहण्याची ती मजुरी आहे. ताई स्वतः उभ्या राहिल्या नाहीत आणि दिवसाला ४०० रुपये देऊन बाई ठेवली, तर सव्वीस दिवसांचे १०,४०० तिलाच जातील. पैशाची खरी कमाई उरली १,६००. दुसरी गोष्ट अशी की त्याच गाडीवर आणखी तीस हजार घातले म्हणून आणखी बारा हजार सुटत नाहीत. गेटवर गिऱ्हाईक तेवढंच असतं. तिसरी गोष्ट, कंपनीला सुट्टी लागली किंवा काम कमी झालं की त्या महिन्यात बारा हजारांचे सहा होतात. धंद्याची कमाई अशी खालीवर होते. शेकडो बायकांचे कोट्यवधी रुपये घेऊन त्या सगळ्यावर दरमहा ठरलेलं दहा टक्के देणारा धंदा नसतो. शेअर बाजारात तर नाहीच. तिथे ठराविक परताव्याची हमी देणं सेबीच्या नियमातच बसत नाही.

"पण जावेला पाच महिने पैसे आले ना?" सगळ्यांची फसगत इथेच होते. समजा त्याने दहा जणींकडून एकेक लाख घेतले. दहा लाख झाले. दोन लाख कमिशन आणि चकचकीत ऑफिसात गेले. उरले आठ लाख. दहा जणींना दहा-दहा हजार म्हणजे महिन्याला एक लाख. कुठलाही धंदा न करता, कपाटातले तुमचेच पैसे तुम्हाला देत तो आठ महिने आरामात काढतो. म्हणून पाच महिने पैसे आले, आठ महिने आले, यातून धंदा आहे असं सिद्ध होत नाही.

नवव्या महिन्यात कपाट रिकामं. आता जुन्या दहा जणींना द्यायला एक लाख लागणार, म्हणजे एक नवी बाई आणली पाहिजे. पुढच्या महिन्यापासून तिलाही दहा हजार द्यायचे, म्हणजे अकरा जणी. त्यांचं व्याज भागवायला पुन्हा नव्या बायका. दर महिन्याला बायकांची संख्या शेकडा दहाने वाढलीच पाहिजे. दहा जणींच्या एका वर्षात एकतीस होतात, दोन वर्षांत अठ्ठ्याण्णव, तीन वर्षांत तीनशेच्या वर, पाच वर्षांत तीन हजारांच्या वर. तेही त्याने स्वतः एक पैसा खाल्ला नाही आणि कुणी मुद्दल परत मागितलं नाही तर. गावात तेवढ्या बायकाच नसतात. त्या माणसाची दानत चांगली असो की वाईट, हा हिशोब मोडतोच. ज्या महिन्यात नवं माणूस कमी पडतं, त्याच महिन्यात हप्ता थांबतो.

मुंबईत नेमकं हेच झालं. २०२४ च्या सुरुवातीला दादरला 'टोरेस' नावाचं दागिन्यांचं मोठं दुकान उघडलं. मागची कंपनी होती प्लॅटिनम हर्न. मोइसानाइट नावाचा, हिऱ्यासारखा चमकणारा खडा विकत घ्यायचा आणि त्यावर आठवड्याला ६ टक्के, ५२ आठवडे मिळणार असं सांगितलं जायचं. आठवड्याला ६ टक्के ऐकायला फार वाटत नाही. पण ५२ ने गुणलं की ३१२ टक्के होतात. एक लाखाचे वर्षात तीन लाख बारा हजार! पहिले कित्येक महिने पैसे खरंच आले, म्हणून लोकांनी भावाला, शेजारणीला, मालकिणीला नेलं. दुकानाच्या शाखा वाढल्या. डिसेंबर अखेरीस दर आणखी वाढवून सांगितले गेले, आणि पैसे मात्र यायचे थांबले. ६ जानेवारी २०२५ ला दादरच्या दुकानापुढे लोकांची गर्दी झाली, तेव्हा दुकान बंद होतं. भाजी विकणारे, छोटी नोकरी करणारे असे कितीतरी लोक त्यात अडकले. शेवटी दर का वाढवला, हे आता तुम्हाला समजलं असेल : नवं माणूस कमी पडत होतं. चालू योजनेत अचानक "या महिन्यापुरतं पंधरा टक्के" असं कुणी म्हणू लागलं, तर कपाट रिकामं होत आलंय असं समजा.

आता या सगळ्यात बाई कशी बुडते ते पाहू. एका ताईने एक लाख भरले. पाच महिने दहा-दहा हजार आले, पन्नास हजार झाले. विश्वास बसला. सहाव्या महिन्याच्या आधी तिने आणखी दोन लाख भरले : एक लाख गटाच्या बँक कर्जातून तिच्या वाट्याला आलेले, एक लाख सोनं गहाण ठेवून. विचार साधा होता. गटाचं बँक कर्ज ७ टक्क्याने मिळतं आणि हा वर्षाला १२० देतो, मग मधले ११३ आपलेच की. पुढचे तीन महिने तीस-तीस हजार आले, म्हणजे नव्वद हजार. नवव्या महिन्यात फोन बंद. तिने भरले तीन लाख, मिळाले एक लाख चाळीस हजार, गेले एक लाख साठ हजार. सोनं सोडवायचंय, आणि बँकेचा हप्ता तर दर महिन्याला गटाच्या नावाने येतोच. तो चुकला की पुढचं कर्ज दहाही जणींचं अडतं. म्हणून गटाने कर्ज मंजूर करताना कारण नीट विचारावं आणि कर्जाचा पैसा अशा योजनेत जात असेल तर ठरावाच्या वहीत नकार लिहून ठेवावा. तिला वाईट वाटलं तरी चालेल.

पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर नोटरी करून देतो, पुढच्या तारखांचे बारा चेक देतो, असं सांगितलं जाईल. स्टॅम्पपेपरने फक्त त्याने काय कबूल केलं ते कागदावर येतं. ठेवी घ्यायची परवानगी त्यातून मिळत नाही, आणि खात्यात पैसे नसले की चेक परत येतो. कुणाला ठेवी घ्यायची परवानगी आहे हे रिझर्व्ह बँकेच्या 'सचेत' संकेतस्थळावर (sachet.rbi.org.in) पाहता येतं. तक्रारही तिथेच नोंदवता येते. घरातल्या शिकणाऱ्या मुलीला बसवा, दहा मिनिटांत होतं.

ज्यांनी आधीच पैसे भरलेत त्यांनी "मुद्दल सोडवायला अजून पन्नास हजार भरा" याला बळी पडू नये. पावत्या, बँकेच्या नोंदी, मोबाईलवरचे निरोप जपून ठेवावेत आणि भरलेल्या इतर बायकांसोबत एकत्र पोलीस ठाण्यात जावं. चाकण, महाळुंगे, भोसरी हा भाग पिंपरी-चिंचवड पोलीस आयुक्तालयात येतो आणि तिथे आर्थिक गुन्हे शाखा आहे. ठेवीदारांच्या संरक्षणासाठी राज्याचा १९९९ चा एमपीआयडी कायदा आहे. त्यात त्या माणसाची मालमत्ता जप्त करून विकता येते आणि पैसे ठेवीदारांत वाटता येतात. मात्र त्याला वर्षं लागतात, आणि जप्त करायला काही उरलेलं असावं लागतं. म्हणून हप्ता थांबल्याच्या पहिल्या आठवड्यातच जावं. "साहेब बाहेरगावी आहेत, पुढच्या महिन्यात देतो" ऐकत सहा महिने घालवू नयेत.

एक शेवटचं, आपल्यातल्या ज्या कमिशनवर बायका जोडून देतात त्यांच्यासाठी. त्या वाईट असतात असं नाही. बहुतेकींनी स्वतःचेही पैसे घातलेले असतात. पण २०१९ च्या केंद्राच्या अनियमित ठेव योजना बंदी कायद्यात अशा योजनेत पैसे भरायला लोकांना उद्युक्त करणं हाच वेगळा गुन्हा आहे. त्याला एक ते पाच वर्षं कैद आणि दहा लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. मुख्य माणूस पळून गेला, की गावात राहिलेल्या ताईचं घर पोलिसांना आधी सापडतं आणि शेजारणींनाही.