साबणाने जंतू वाढतात काय?
एका प्रयोगवहीचे वाचन

आगराच्या बशीवर बोटे टेकवून जंतू वाढविण्याचा प्रयोग तुमच्यापैकी काहींनी पाहिला असेल. हात न धुता टेकविलेल्या बोटांखाली पुष्कळ ठिपके उगवतात, साबणाने धुतलेल्या बोटांखाली थोडे, आणि "म्हणून हात धुवावेत" असा निष्कर्ष लिहून वही मिटली जाते. परंतु प्रत्यक्ष प्रयोग करणाऱ्याला अनेकदा उलटाच अनुभव येतो. अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातील एका शाळेतील नववीच्या विद्यार्थिनीच्या वहीत असाच अनुभव नोंदलेला आहे. धुतलेल्या बोटांनी अधिक वसाहती दिल्या, आणि तिने प्रामाणिकपणे लिहिले, "साबणाने हात धुतल्यास जंतू वाढतात." हे विधान बरोबर की चूक, हे तिच्याच आकड्यांवरून ठरविता येते. ते कसे, एवढेच या लेखात पाहावयाचे आहे.

प्रयोगाची मांडणी

तिने एक लिटर पाण्यात २८ ग्रॅम पोषक आगर मिसळून ते प्रेशर कुकरमध्ये निर्जंतुक केले आणि काचेच्या निर्जंतुक पेट्री बशांत ओतले. आगर हा समुद्रशैवालापासून मिळणारा पदार्थ. बाजारात 'चायना ग्रास' म्हणून मिळतो तोच. त्याचा एक गुण पदार्थविज्ञानाच्या दृष्टीने मोठा गमतीचा आहे. तो वितळतो सुमारे ८५ अंश सेल्सियसला, पण एकदा वितळला की ४० अंशांच्या खाली येईपर्यंत घट्ट होत नाही. १८८१ च्या सुमारास जर्मनीत रॉबर्ट कॉख यांच्या प्रयोगशाळेत जंतू वाढविण्यासाठी जिलेटिन वापरीत. ते उबदार हवेतच पातळ होई. तेथे काम करणाऱ्या वाल्टर हेस यांना त्यांच्या पत्नी फॅनी हेस यांनी स्वयंपाकघरातील आगर सुचविले. आपल्याकडच्या एप्रिल-मेमध्ये तर जिलेटिनची बशी घट्ट राहिलीच नसती.

माध्यम घट्ट असण्याचे महत्त्व असे की, जो जंतू जेथे पडला तेथेच राहतो व तेथेच त्याची प्रजा वाढते. डोळ्यांना दिसणारा ठिपका म्हणजे ही प्रजा, म्हणजेच 'वसाहत'. दोन मिलिमीटर व्यासाच्या घुमटाकार वसाहतीचे घनफळ एक घन मिलिमीटरहून थोडे कमी भरते. एका जंतूचे घनफळ साधारण एक घन मायक्रॉन धरले, तर अशा वसाहतीत पन्नास कोटींच्या घरात जंतू मावतात. एकाचे दोन, दोनाचे चार असे करीत तेथवर पोहोचण्यास २९ दुपटी पुरतात. एक दुप्पट ४० मिनिटांत झाली असे मानले तर सुमारे वीस तास होतात. बोट टेकविल्यावर काहीच दिसत नाही आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ठिपके दिसतात, त्याचे कारण हेच.

तिने बशा उलट्या करून ३० अंशांवर ४८ तास ठेवल्या. उलट्या अशासाठी की, आगरातून निघणारी वाफ झाकणावर थिजते आणि तिचे थेंब खाली पडले तर वसाहती एकमेकींत मिसळतात. तापमान नोंदणेही आवश्यक आहे. 'खोलीच्या तापमानास ठेवल्या' एवढे लिहून भागत नाही, कारण नगरकडची खोली जानेवारीच्या रात्री आणि मेच्या दुपारी सारखी नसते.

नोंदी

बशी क : उघडलीच नाही. वसाहती ०.
बशी ख : एक मिनिट उघडी ठेवली, बोट लावले नाही. वसाहती २ (एक बुरशी, एक पिवळी).
बशी ग : शाळेच्या बागेत काम केल्यावर न धुतलेली तीन बोटे. वसाहती ३८. पैकी लहान पांढऱ्या २१, पिवळ्या ५, मोठ्या चपट्या कोरड्या ९, बुरशी २, गुलाबी १.
बशी घ : तीच बोटे नुसत्या पाण्याने धुऊन, ओली. वसाहती ६१. पैकी पांढऱ्या ५२, पिवळ्या ४, चपट्या ५.
बशी ङ : तीच बोटे साबणाने वीस सेकंद चोळून, धुऊन, ओली. वसाहती ५७. पैकी पांढऱ्या ५४, पिवळ्या ३, चपट्या ०.

प्रथम क आणि ख या बशांकडे पाहा. क रिकामी राहिली, म्हणजे माध्यम निर्जंतुक होते. ख वर दोनच वसाहती आल्या, म्हणजे इतर बशांवरील बहुतेक वसाहती हवेतून नव्हे, तर बोटांवरून आल्या. या दोन बशा नसत्या तर पुढचे सारे विवेचन निराधार ठरले असते.

फरक खरा की योगायोगाचा?

एकूण आकडे ३८, ६१ आणि ५७ आहेत. यांतला कोणता फरक विश्वासार्ह मानावा? येथे किरणोत्सर्गाच्या मोजणीत वापरला जाणारा एक नियम कामी येतो. एकमेकांशी संबंध नसलेल्या घटना मोजून N हा आकडा आला, तर पुन्हा मोजताना त्यात सुमारे √N इतका चढउतार केवळ योगायोगाने होऊ शकतो. दोन मोजण्यांमधील फरकाला हा चढउतार दोन्ही आकड्यांच्या बेरजेच्या वर्गमुळाइतका असतो. फरक याच्या दुपटीहून कमी असेल तर त्यावर भरवसा ठेवू नये. तिपटीएवढा असेल तर विचार करावा.

घ आणि ङ यांत फरक ४ आहे. ६१ व ५७ यांची बेरीज ११८, तिचे वर्गमूळ सुमारे ११. म्हणजे एकूण संख्येपुरते पाहिले तर पाणी आणि साबण यांत काही फरक दिसला नाही. ग आणि ङ यांत फरक १९ व वर्गमूळ सुमारे १०, म्हणजे जवळजवळ दुप्पट. वाढ खरी असण्याचा संभव आहे, पण एवढ्यावर पैज मारू नये.

आता केवळ मोठ्या चपट्या वसाहती पाहा : ९, ५ आणि ०. नऊ व पाच यांत फरक ४ व वर्गमूळ सुमारे ३.७, यातून काही ठरत नाही. नऊ व शून्य यांत मात्र फरक ९ व वर्गमूळ ३, म्हणजे बरोबर तिप्पट. इतक्या लहान आकड्यांना हा नियम ढोबळच लागू पडतो, तरी साबणाचा परिणाम कोठे शोधावा हे त्याने दाखविले. तो एकूण संख्येत नाही, वसाहतींच्या प्रकारांत आहे.

वस्तीचे आणि वाटेचे

अमेरिकन शल्यवैद्य फिलिप प्राइस यांनी १९३८ मध्ये हातावरील जंतूंचे दोन गट पाडले. काही जंतू त्वचेवर कायम वस्ती करून असतात. त्वचेच्या वरच्या मृत थरातील फटींत आणि नखांखाली ते राहतात. काही मात्र माती, भांडी, दाराची कडी, दुसऱ्याचा हात यांवरून तात्पुरते चिकटतात. पहिले सहजासहजी जात नाहीत, दुसरे धुतल्याने निघून जातात.

मोठ्या, चपट्या, कोरड्या, वेड्यावाकड्या कडांच्या वसाहती बहुधा मातीतील बॅसिलस जातीच्या असतात. बागेत काम केलेल्या बोटांवर त्या याव्यात हे स्वाभाविकच आहे. हे जंतू बीजाणू करून राहतात आणि बीजाणू साबणाने मरत नाहीत. तरीही ङ बशीवर एकही चपटी वसाहत नाही. याचा अर्थ साबणाने ते मारले नाहीत, तर मळाबरोबर सुटे केले आणि पाण्याने वाहून नेले.

लहान पांढऱ्या वसाहती बव्हंशी त्वचेवरील कायमच्या रहिवाशांच्या, स्टॅफिलोकॉकस वर्गातील, असतात. त्या २१ वरून ५४ वर का गेल्या? दोन कारणे संभवतात. त्वचेच्या एका मृत खवल्यावर अनेक जंतू एकत्र असतात, पण बशीवर त्या साऱ्यांची मिळून एकच वसाहत उगवते. चोळल्याने खवले सुटतात, पुंजके फुटतात, आणि तेवढ्याच जंतूंच्या अधिक वसाहती होतात. दुसरे कारण ओलेपणा. ओल्या बोटावरून जंतू पृष्ठभागावर सहज उतरतात, कोरड्यावरून कमी.

दुसरे कारण तपासणे सोपे होते. शिक्षकांच्या सांगण्यावरून तिने आणखी एक बशी केली. तेवढाच वेळ साबण लावून बोटे धुतली आणि इस्त्रीच्या कडक उष्णतेने शेकलेल्या स्वच्छ रुमालाने पूर्ण कोरडी केली. या च बशीवर वसाहती आल्या २४ : पांढऱ्या २३, पिवळी १, चपटी एकही नाही. ५७ व २४ यांत फरक ३३. बेरीज ८१, वर्गमूळ ९. फरक साडेतीन पटींहून अधिक आहे. वाढीला साबण नव्हे, मुख्यतः ओलेपणा कारण असावा असे आता म्हणता येते.

अहवालातील उणिवा

ग, घ आणि ङ साठी तीच बोटे एकामागून एक वापरली गेली. प्रत्येक टेकविण्यात काही जंतू आगरावर राहतात, तेव्हा प्रत्येक बशीला वेगळी बोटे घेणे चांगले. प्रत्येक प्रकारची बशीही एकच होती. वर्गमुळाचा नियम मोजणीतील योगायोग सांगतो. एका हाताचा दुसऱ्या हाताशी असलेला फरक सांगत नाही. त्यासाठी निदान पाच-सहा जणांचे हात आणि प्रत्येक प्रकाराच्या तीन-तीन बशा हव्यात.

तिने पिवळ्या वसाहतींपुढे 'घातक' असे लिहिले होते. रंगावरून असे ठरत नाही. त्वचेवरील निरुपद्रवी मायक्रोकॉकस पिवळा असतो, आणि गळू करणारा स्टॅफिलोकॉकस ऑरियसही सोनेरी दिसू शकतो. उलट, पांढुरक्या ठिपक्यांत आतड्यातील एखादा जंतू असला तर तो नुसत्या नजरेस वेगळा ओळखू येत नाही. जाती ठरविण्यास रंजनक्रिया व इतर चाचण्या लागतात, आणि त्या महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतच कराव्यात. शिवाय सर्दीचे विषाणू या माध्यमावर वाढतच नाहीत, कारण त्यांना जिवंत पेशी लागतात. रिकामी बशी म्हणजे निर्जंतुक बोट नव्हे.

म्हणूनच उगवलेली बशी कधीही उघडू नये. झाकण चिकटपट्टीने दोन ठिकाणी जोडावे व मोजणी काचेतूनच करावी. पट्टी सभोवार लावली तर आत हवा जात नाही आणि हवेवाचून वाढणाऱ्या जंतूंना वाव मिळतो. बशा ३७ अंशांवर ठेवू नयेत, कारण ते आपल्या शरीराचे तापमान असल्याने रोगजंतूंना सोयीचे पडते. काम संपल्यावर काचेच्या बशा न उघडता, प्रयोगशाळेसाठीच राखून ठेवलेल्या कुकरमध्ये, १५ पौंड दाबाखाली २० मिनिटे ठेवाव्यात आणि मगच धुवाव्यात.

या सर्व विचारानंतर तिने निष्कर्ष पुन्हा लिहिला. तो असा : "साबणाने धुतल्यावर बागेतील मातीचे जंतू बोटांवरून गेले, त्वचेचे स्वतःचे जंतू राहिले. हात ओले असताना ते बशीवर अधिक उतरले, कोरडे केल्यावर कमी. हा निष्कर्ष एकाच हातावरील सहा बशांपुरता आहे."