केळं सोडलं, पण मीठ कोणतं आणलं?

बारामती-इंदापूरकडून आई-वडील इंग्लंडला राहायला येणार असतील आणि त्यांच्यापैकी कुणाची किडनी कमजोर असेल, तर ते पोचण्याआधी घरातला मिठाचा डबा बघा. इथं मुरलेल्या मराठी घरांचा हा पहिला सल्ला. केळ्याचं पथ्य सगळ्यांना ठाऊक असतं. उजनीच्या काठची केळीची बाग सांभाळणारे वडीलसुद्धा डॉक्टरांनी सांगितल्यावर केळं सोडतात. घोळ होतो तो मिठात.

बीपीसाठी "मीठ कमी करा" असं सांगितलेलं असतं, म्हणून मुलगा दुकानातून कमी सोडियमचं मीठ आणतो. 'लोसॉल्ट'चंच घ्या. त्यात दोन तृतीयांश पोटॅशियम क्लोराइड असतं. समजा, वडिलांच्या वाट्याला दिवसभरात त्याचं ५ ग्रॅम, म्हणजे साधारण चमचाभर आलं, तर सुमारे १७०० मिलिग्रॅम पोटॅशियम पोटात गेलं. मध्यम केळ्यात ते ४२०च्या आसपास असतं. एक केळं वाचवलं आणि आमटी-भाजीतून चार खाऊ घातली! त्यात टेल्मिसार्टन, रामिप्रिल किंवा स्पायरोनोलॅक्टोन चालू असेल, तर पोटॅशियम बाहेर टाकणं किडनीला आणखी जड जातं.

धडधाकट माणसाला हेच मीठ उपयोगी पडतं. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२५ मध्ये त्याची शिफारस केली, पण किडनीच्या रुग्णांना त्यातून वगळलं. त्यांच्यासाठी साधंच मीठ आणा, फक्त कमी वापरा. पाकिटावर 'पोटॅशियम क्लोराइड' किंवा 'ई ५०८' दिसलं, तर ते परत ठेवा. तयार सूपच्या डब्यांवरही हे शोधा.

बटाटा पूर्ण बंद करायलाच हवा असं नाही. सालासकट अख्खा कुकरला लावला तर पोटॅशियम आतच राहतं. सोलून, बारीक फोडी करून भरपूर पाण्यात उकळा आणि पाणी ओतून द्या. निम्म्याच्या आसपास निघून जातं. ते पाणी रश्शात घालू नका, तिथंच बहुतेक सुगरणी चुकतात. टोमॅटोची एखादी फोड वेगळी आणि इथली ट्यूबमधली आटवलेली प्युरी वेगळी. आंबटपणाला लिंबू पिळा. एकादशीला मात्र बटाटा, रताळं, शेंगदाणे आणि केळं एकाच ताटात येतात. त्या दिवशी भगर बरी. किती जपायचं हे शेवटी रक्ताच्या रिपोर्टवर ठरतं. सगळ्यांनाच कडक पथ्य लागत नाही.

रक्तातलं पोटॅशियम साधारण ३.५ ते ५ असावं. ते वाढलं तरी बऱ्याचदा काहीच जाणवत नाही. पाय गळून गेले, छातीत धडधडलं किंवा चक्कर आली, तर वाट न पाहता रुग्णालय गाठा, कारण ६च्या पुढे हृदयाचे ठोके बिघडू शकतात. कधी नमुना घेताना रक्तपेशी फुटूनही आकडा खोटा चढतो, म्हणून डॉक्टर तपासणी पुन्हा करायला सांगतात. तपासणीला जाताना गोळ्यांच्या यादीबरोबर मिठाच्या डब्याचा फोटो न्या. "आम्ही मीठ कमीच खातो" एवढंच सांगितलं, तर हे पोटॅशियम आलं कुठून, हे डॉक्टरांना कळत नाही.