क्रिएटिनचा डबा पाठीमागून वाचा

क्रिएटिनचा डबा हातात घेतला की समोर मोठ्या अक्षरांत ‘100% शुद्ध’, ‘लॅब टेस्टेड’ आणि ‘मायक्रोनाइज्ड’ दिसतं. यातल्या पहिल्या दोन शब्दांमागे कोण उभं आहे ते समोरच्या बाजूवर कळत नाही. तिसऱ्याचा शुद्धतेशी संबंधच नाही, त्याचा अर्थ दाणे बारीक दळलेत एवढाच. म्हणून माझं सांगणं असं, की डबा फिरवा आणि पाठीमागच्या बारीक अक्षरांतल्या तीन गोष्टी वाचा: एका सर्व्हिंगमध्ये क्रिएटिन किती, घटकांच्या यादीत आणखी काय आहे आणि बॅच नंबर कोणता. पहिल्या दोन गोष्टी घरबसल्या पडताळता येतात. तिसरीसाठी कंपनीला प्रश्न विचारावा लागतो, आणि शुद्धतेचा निकाल तिथेच लागतो.

सुरुवात साध्या हिशेबाने करू. समजा, 250 ग्रॅमचे दोन डबे आहेत. पहिल्यावर सर्व्हिंग 3 ग्रॅम, त्यात क्रिएटिन मोनोहायड्रेट 3 ग्रॅम, एकूण 83 सर्व्हिंग आणि घटकांत एकच नाव. 83 गुणिले 3 म्हणजे 249, हिशेब जुळला. दुसरा डबा संत्र्याच्या चवीचा. सर्व्हिंग 5 ग्रॅम, त्यात क्रिएटिन 3 ग्रॅम, एकूण 50 सर्व्हिंग. म्हणजे डब्यात क्रिएटिन 150 ग्रॅम आणि इतर ऐवज 100 ग्रॅम. पहिला 700 रुपयांना आणि दुसरा 600 रुपयांना मिळत असेल तर दुसरा स्वस्त वाटतो. पण क्रिएटिनचा दर पहिल्यात ग्रॅमला साधारण 2 रुपये 80 पैसे पडतो, दुसऱ्यात 4 रुपये. हाच हिशेब खोटेपणाही पकडून देतो. चवीच्या डब्यावर सर्व्हिंग 3 ग्रॅम, क्रिएटिनही 3 ग्रॅम आणि घटकांत सायट्रिक ॲसिड, सुक्रालोज, रंग असं छापलेलं असेल, तर ती चव कुठल्या वजनात बसवली? दोन आकड्यांपैकी एक चुकीचा आहे, आणि असा डबा प्रयोगशाळेत न पाठवताही दुकानातच परत ठेवता येतो.

घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेली असते. क्रिएटिनच्या लगेच मागे माल्टोडेक्स्ट्रिन किंवा डेक्स्ट्रोज असेल तर तो भरणा आहे. गुठळ्या होऊ नयेत म्हणून घातलेलं सिलिकॉन डायऑक्साइड, म्हणजे आयएनएस 551, यादीच्या तळाशी थोडंसं असेल तर त्याने बिघडत नाही. ‘भरणा म्हणजे विष नव्हे, मग एवढा बाऊ कशाला?’ असं कुणी विचारेल. माल्टोडेक्स्ट्रिन विष नाही हे कबूल. माझी हरकत पिष्टाला क्रिएटिनचा भाव मोजण्याला आहे, आणि साखर सांभाळणाऱ्या माणसाला ते कळत नसण्याला. त्याहून मोठी हरकत ‘ब्लेंड’ किंवा ‘मॅट्रिक्स’ या शब्दांना. ‘क्रिएटिन मॅट्रिक्स 4 ग्रॅम’ असं लिहून त्याखाली पाच नावं दिली, पण प्रत्येकाचं वजन दिलं नाही, तर त्यात मोनोहायड्रेट किती, टॉरिन किती आणि कॅफीन किती हे कळायला मार्ग नाही. रात्री झोपण्यापूर्वी घेणाऱ्याला यातलं कॅफीन महागात पडतं.

आता शुद्धतेकडे वळू. नेहमीचा आक्षेप असा, की क्रिएटिन मुळात स्वस्त, त्यात भेसळ कोण करेल? पण अशुद्धी यायला भेसळ करणारा लागतच नाही, ती कारखान्याच्या प्रक्रियेतूनच येऊ शकते. क्रिएटिन हे सोडियम सार्कोसिनेट आणि सायनामाइड यांच्या अभिक्रियेतून तयार होतं. ही अभिक्रिया आणि नंतरचं शुद्धीकरण नीट सांभाळलं नाही तर मालात डायसायनडायअमाइड, डायहायड्रोट्रायझिन आणि क्रिएटिनिन राहून जातात. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने, ‘एफ्सा’ने, 2004 साली दिवसाला 3 ग्रॅम क्रिएटिनबद्दल चिंता नसल्याचं मत दिलं, ते किमान 99.95 टक्के शुद्धतेच्या अटीवर, आणि त्यात यातल्या पहिल्या दोन अशुद्धींचा उल्लेख होता. 2011 साली इटलीच्या बाजारातल्या 33 नमुन्यांची तपासणी प्रसिद्ध झाली. त्यातल्या साधारण निम्म्या नमुन्यांत किमान एक अशुद्धी शिफारशीच्या मर्यादेबाहेर होती. या गोष्टी घटकांच्या यादीत कधीच दिसणार नाहीत, कारण त्या कुणी घातलेल्या नसतात. म्हणून बॅचचा तपासणी अहवाल मागायचा, ज्याला धंद्यात सीओए म्हणतात.

अहवाल हाती आला की आधी त्यावरचा बॅच नंबर डब्याच्या बुडाशी छापलेल्या नंबराशी ताडून पाहा. तो जुळत नसेल तर तो अहवाल दुसऱ्याच मालाचा आहे, तुमच्या डब्याबद्दल तो काही सांगत नाही. मग प्रयोगशाळेचं नाव पाहा: कंपनीची स्वतःची की बाहेरची, आणि भारतातली असेल तर एनएबीएलची मान्यता असलेली का. मग पद्धत पाहा. क्रिएटिनचं प्रमाण एचपीएलसीने मोजलेलं हवं. नुसता नायट्रोजन मोजून भागत नाही, कारण डायसायनडायअमाइडमध्येही नायट्रोजन भरपूर असतो. शिसं, आर्सेनिक, कॅडमियम आणि पारा यांचे आकडे वेगळे हवेत. एका आकड्यावर मात्र लोक उगाच बिथरतात. अहवालात ‘क्रिएटिन 88 टक्के’ दिसलं की भेसळ पकडल्यासारखं वाटतं. मोनोहायड्रेटच्या रेणूत पाण्याचा एक रेणू असतो आणि वजनातले सुमारे 12 टक्के त्याचे असतात. त्यामुळे 88 टक्के क्रिएटिन म्हणजे जवळजवळ 100 टक्के मोनोहायड्रेट.

‘पण डब्यावर एफएसएसएआयचा नंबर आहे, झालं की!’ हा दुसरा आक्षेप. तो 14 आकडी नंबर व्यावसायिकाच्या परवान्याचा आहे. तो हवाच, पण तुमचा डबा कुणी तपासला असा त्याचा अर्थ होत नाही. परदेशी शिक्क्यांचाही आवाका समजून घ्यावा. ‘इन्फॉर्म्ड स्पोर्ट’मध्ये प्रत्येक बॅच खेळात बंदी असलेल्या द्रव्यांसाठी तपासतात, क्रिएटिन किती टक्के हा तिथला मुख्य प्रश्न नसतो. ‘एनएसएफ सर्टिफाइड फॉर स्पोर्ट’ लेबलवरचं प्रमाण आणि दूषित घटकही पाहतं. स्पर्धेत उतरणाऱ्या पैलवानाला किंवा कबड्डीपटूला बंदीच्या द्रव्यांची तपासणीच सगळ्यात महत्त्वाची, कारण क्रिएटिनवर बंदी नसली तरी डब्यात चुकून आलेल्या उत्तेजकाची जबाबदारी खेळाडूवरच येते. घरी व्यायाम करणाऱ्याला अशुद्धींचा अहवाल अधिक कामाचा. शिक्का असल्याचं डब्यावर छापलं असेल तर त्या संस्थेच्या यादीत उत्पादन शोधून पाहा, आणि बॅच नंबर दिलेला असेल तर तोही. नुसतं चित्र कुणीही छापू शकतं.

‘पाण्यात विरघळली तर पावडर खरी’ ही समजूतही उलटी आहे. 20 अंश तापमानाला एक लिटर पाण्यात साधारण 14 ग्रॅमच क्रिएटिन विरघळतं. पाव लिटर पाण्यात 5 ग्रॅम टाकलं तर दीडेक ग्रॅम तळाशी राहायला हवं. ते सगळं साखरेसारखं झटकन विरघळलं तर भरण्याचा संशय घ्यावा. कोमट पाण्यात मात्र जास्त विरघळतं, त्यामुळे तापमान लक्षात घेऊनच मत बनवा. या प्रयोगाची धाव इथपर्यंतच आहे. दहा लाखांत काही भाग असलेली अशुद्धी पेल्यात दिसत नाही.

शेवटचा आक्षेप कष्टाचा: एका डब्यासाठी एवढी उठाठेव कोण करणार? सर्व्हिंगचा हिशेब आणि घटकांची यादी दुकानात उभ्या उभ्या वाचून होते. अहवालासाठी कंपनीला एक ईमेल पुरतो: बॅच नंबर लिहा आणि त्या बॅचचा बाहेरच्या प्रयोगशाळेचा अहवाल मागा. खरेदीआधी शक्य नसेल तर सील तोडण्याआधी लिहा, म्हणजे परत करायची सोय राहते. अहवाल असलेली कंपनी तो पाठवते. ‘गोपनीय आहे’ असं उत्तर आलं किंवा दुसऱ्याच बॅचचा कागद आला, तर समोर काहीही छापलेलं असो, तो डबा परत करा आणि अहवाल देणारा घ्या.