वहीवर चिठ्ठी लावण्याआधी: कागद तोला, शिवण बघा, पेन चालवा



देहूत बीज आणि पालखी प्रस्थान या दोन वेळांना बाहेरगावचं गिऱ्हाईक मोठ्या संख्येने येतं. हातकागदाची वही बघून ते थांबतं, हात फिरवून बघतं आणि पहिला प्रश्न विचारतं, “ताई, यावर पेन नीट चालतो का?” तळवडे-चाकणच्या कंपन्यांतून दिवाळीच्या भेटीसाठी वह्या घेणारेही हेच विचारतात. वारकरी माउली बॉलपेनने अभंग उतरवून घेणार असते. कंपनीतले साहेब कदाचित शाईचा पेन वापरतात. दोघांना एकच उत्तर चालत नाही. आणि “सगळे पेन चालतात” असं चिठ्ठीवर छापलं, पण शाई पलीकडे उतरली, तर वह्या परत येतात. लिहिलेली वही पुन्हा विकता येत नाही, म्हणजे कागद आणि मजुरी दोन्ही अंगावर पडतं. म्हणून चिठ्ठीवर काय लिहायचं ते आपणच तपासून ठरवायचं. कसं, ते बघू.

कागदाचं वजन

कागदाची जाडी बाजारात जीएसएममध्ये सांगतात. एक मीटर लांब आणि एक मीटर रुंद कागदाचं वजन जितके ग्रॅम, तितके जीएसएम. झेरॉक्सचा कागद साधारण ७० ते ८० असतो, लग्नपत्रिकेचा जाड पुठ्ठ्यासारखा कागद २५० च्या पुढे जातो.

हे मोजायला मशीन लागत नाही. ए-फोर आकाराचे १६ कागद एकत्र ठेवले की बरोबर एक चौरस मीटर भरतं. म्हणून १६ कागद किराणा दुकानातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर ठेवा. काटा ११८ ग्रॅम दाखवत असेल, तर तुमचा कागद ११८ जीएसएम. चिठ्ठीवर “सुमारे १२०” लिहा. “सुमारे” हा शब्द गाळू नका, कारण हातकागदाचा प्रत्येक ताव थोडा कमी-जास्त असतोच. वेगवेगळ्या तावांतले कागद घेऊन दोन-तीनदा तोला. पावसाळ्यात कागद ओल धरतो आणि वजन थोडं जास्त येतं, तेव्हा कोरड्या दिवशी तोललेलं बरं.

२२ बाय ३० इंचाच्या एका तावातून असे चार कागद निघतात. म्हणजे चार ताव, १६ कागद, आणि ते मधोमध दुमडले की ३२ पानांची एक वही. थोडक्यात, शिवण्याआधी एका वहीचा कागद तोलला की जीएसएम हातात! तावाच्या कडेच्या उरलेल्या पट्ट्या फेकू नका, त्या पुढे लागणार आहेत.

बांधणी

१२० जीएसएमचे १६ कागद एकात एक घालून दुमडले तर वही फुगते आणि आतली पानं कडेला बाहेर येतात. म्हणून चार-चार कागदांच्या चार घड्या करा. बाइंडर याला फर्मा म्हणतात. प्रत्येक घडीच्या दुमडीवर दाभणाने एकाच मापाची भोकं पाडा, मेण लावलेल्या सुती दोऱ्याने शिवा आणि दोरा आधीच्या घडीत अडकवून पुढे जा. दोरा घट्ट करताना दुमडीच्या दिशेने ओढा. वर, कागदाच्या विरुद्ध ओढला तर भोक फाटतं.

तपासणी सोपी आहे. वही मधोमध उघडून टेबलावर ठेवा आणि हात काढा. सपाट राहिली तर “हातशिलाई, वही सपाट उघडते” असं लिहा. नुसत्या डिंकाने चिकटवलेली वही अशी उघडत नाही आणि जोर दिला की पानं सुटतात. तारेची पिन पावसाळ्यात गंजते आणि डाग पाडते. तशी बांधणी असेल तर तेही खरं लिहा, “शिलाई” लिहू नका.

शाई का फुटते?

इथे बहुतेकींचा एक समज असतो, की जाड कागद असला म्हणजे शाई फुटणार नाही. तसं नाही. जाड कागदात शाई पलीकडे जायला वेळ लागतो, पण वरच्या बाजूला ती पसरू शकते. शाई धरून ठेवते ती कागदाची खळ. कागद बनवताना लगद्यात राळ-तुरटीसारखं काही घालतात किंवा वरून पिठाची खळ देतात, त्याने तंतूंची पाणी ओढायची सवय कमी होते. पूर्वीचे कागदी खळ देऊन झाल्यावर गुळगुळीत दगडाने कागद घोटायचे, म्हणजे बोरूची रेघ स्वच्छ उमटायची.

तुमच्या कागदाला खळ आहे का, हे पाण्याच्या एका थेंबाने कळतं. थेंब टाकताच कागदाने पिऊन टाकला तर खळ नाही किंवा फार कमी आहे. थेंब मण्यासारखा थोडा वेळ वर राहिला तर कागद लिहिण्याजोगा. कागद विकत घेताना दुकानदाराला “खळ दिलेला, लिहिण्याचा कागद आहे का?” असंच विचारा. पिशव्या आणि पाकिटांसाठीचा हातकागद दिसायला तसाच असतो, पण वहीला चालेलच असं नाही.

पेनाची चाचणी

आता त्या उरलेल्या पट्ट्या काढा. बॉलपेन, जेल पेन, शाईचा पेन आणि मार्कर, चारही घ्या. प्रत्येकाने आधी तुमचं नाव लिहा, मग एक रेघ ओढा आणि रेघेच्या शेवटी टोक टेकवून पाच आकडे मोजा. वाळल्यावर तीन गोष्टी बघा. रेघेला मुळं फुटल्यासारखे केस आलेत का? मागे ठिपके उतरलेत का? पेन मधेच अडखळला का? पट्टी उलटी करून दुसऱ्या बाजूलाही हेच करा, कारण हातकागदाच्या दोन बाजू सारख्या गुळगुळीत नसतात.

बॉलपेनची शाई तेलकट आणि घट्ट असते, ती सहसा फुटत नाही. पण खरखरीत कागदावर तो अडखळतो आणि जोराने लिहिलं तर मागे उठाव येतो. जेल आणि शाईच्या पेनाची शाई पाण्याची असते, म्हणून खळ कमी असली की तीच आधी पसरते. मार्कर तर बहुतेक वेळा आरपार जातो.

समजा तुमच्या पट्टीवर बॉलपेन स्वच्छ आला, जेल किंचित उशिरा वाळला, शाईच्या पेनाला बारीक केस आले आणि मार्कर मागे उतरला. मग चिठ्ठी अशी होईल:

हातकागदाची कोरी वही
आकार: साधारण १५ बाय २१ सेंटिमीटर
पानं: ३२ (६४ पृष्ठं)
कागद: सुमारे १२० जीएसएम, जाडीत थोडा फरक असतो
बांधणी: हातशिलाई, वही सपाट उघडते
पेन: बॉलपेन आणि पेन्सिल उत्तम. जेल पेन चालतो, वाळू द्या. शाईच्या पेनाची रेघ थोडी फुटते. मार्कर वापरू नये.

“थोडी फुटते” लिहिलं तर वही कोण घेणार, असं वाटेल. पण बॉलपेनवालं गिऱ्हाईक ती निर्धास्त घेईल आणि शाईच्या पेनाचं गिऱ्हाईक घेण्याआधी विचारेल. नवीन कागदाचा गठ्ठा आला की चाचणी पुन्हा करा, जुनी चिठ्ठी नव्या कागदाला लावू नका. आणि स्टॉलवर वह्यांजवळ एक पट्टी आणि चार पेन ठेवा, गिऱ्हाइकाला स्वतःच लिहून बघू द्या.

पुढच्या मासिक बैठकीला प्रत्येक गटाने आपली एक वही आणि तपासलेली पट्टी घेऊन यावं. पट्ट्या शेजारी शेजारी ठेवून कोणाचा कागद कोणत्या पेनाला चालतो ते आपण एकत्र बघू.