व्हिडिओ केवायसी : तीन चेहऱ्यांची जुळणी

कॅडेट मित्रांनो, अठरा वर्षे पूर्ण झाली की शिष्यवृत्तीसाठी किंवा फी भरण्यासाठी आपल्यापैकी अनेकांना स्वतःचे बँक खाते लागेल. ते आता घरबसल्या उघडता येते. ग्राहकाची ओळख व्हिडिओ कॉलवर पटवून घेण्याची परवानगी रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२० मध्ये दिली. यालाच व्हिडिओ केवायसी म्हणतात. नीट पार पडलेला असा कॉल हा शाखेत समोरासमोर जाऊन ओळख पटवण्याच्या बरोबरीचा मानला जातो.

कॉलवरच्या अधिकाऱ्याचे मुख्य काम तीन चेहरे जुळवणे हे असते. पहिला चेहरा कॅमेऱ्यासमोरचा, दुसरा आधारमधला आणि तिसरा पॅन कार्डावरचा. बहुतेक सूचनांचे कारण या जुळणीतच सापडते.

माझ्या मामेभावाने गेल्या उन्हाळ्यात सुट्टीत असे खाते उघडले. त्याचा पहिला कॉल अर्ध्यावर थांबला. तो खिडकीकडे पाठ करून बसला होता. मागून उजेड आला की कॅमेरा खिडकी स्पष्ट दाखवतो आणि चेहरा काळा पडतो. डोक्यावर फक्त ट्यूबलाइट असेल तर डोळ्यांखाली सावली येते. म्हणून खिडकीकडे तोंड करून बसावे, टोपी काढावी आणि चष्म्यावर उजेड चमकत असेल तर मान किंचित खाली करावी.

त्याची दुसरी अडचण पॅनची होती. त्याच्याकडे मूळ कार्ड नव्हते, ई-पॅनची छापील प्रत होती. अधिकाऱ्याने ती नाकारली. ई-पॅनच्या फाइलमध्ये डिजिटल सही असते आणि ती संगणकावर तपासता येते. कागदावर छापले की ती तपासणी करता येत नाही, म्हणून व्हिडिओ केवायसीत छापील प्रत चालत नाही. एक तर मूळ कार्ड दाखवावे, नाहीतर बँक सांगेल त्या मार्गाने ई-पॅनची फाइलच द्यावी. मामांनी त्याचे मूळ कार्ड कपाटातून शोधून दिले. ते कॅमेऱ्यापासून साधारण एक वीत अंतरावर धरायचे, क्रमांकावर बोट येऊ द्यायचे नाही आणि चकाकी आली तर कार्ड थोडे तिरके करायचे.

आधारसाठी कार्ड दाखवणे पुरेसे नसते. नोंदवलेल्या मोबाइलवर ओटीपी येतो, तो स्वतः स्क्रीनवर भरायचा आणि मग आधारमधला फोटो बँकेकडे जातो. हा ओटीपी कोणालाही तोंडी सांगायचा नाही. खरा अधिकारी तो विचारत नाही. कॉलसुद्धा बँकेच्या स्वतःच्या ॲपमधून किंवा संकेतस्थळावरूनच सुरू करावा.

दुसऱ्या कॉलच्या वेळी फोनमध्ये व्हीपीएन चालू नाही ना, हेही भावाने पाहिले. ग्राहक भारतात आहे याची खात्री बँकेला करावी लागते आणि त्यासाठी फोनचे ठिकाण नोंदले जाते. व्हीपीएनमुळे तो परदेशात असल्यासारखे दिसले असते. मग जन्मतारीख, कामधंदा, सध्याचा पत्ता असे प्रश्न आले. समोर आधी चित्रित केलेला व्हिडिओ नाही हे कळावे म्हणून प्रश्नांचा क्रम बदलता ठेवतात. पालकांनी इथे एक काळजी घ्यावी. मागून कुजबुजत उत्तर सांगू नये, कारण कोणी उत्तरे पुरवत आहे असे दिसले तर अर्ज फेटाळला जातो. दुसरा कॉल नीट झाला. तरीही खाते लगेच सुरू झाले नाही, कारण बँकेत आणखी एक तपासणी झाल्यावरच ते वापरता येते.

आता आपल्या वयाची गोष्ट. अठरा वर्षांच्या आत काढलेल्या पॅन कार्डावर फोटो आणि सही नसते. म्हणजे तिसरा चेहराच गायब! अठरा पूर्ण झाल्यावर दुरुस्तीचा अर्ज करून फोटो असलेले कार्ड घ्यावे लागते आणि ते आल्यावरच कॉल करावा. आधारमध्येही पंधराव्या वर्षी बोटांचे ठसे, डोळे आणि फोटो पुन्हा द्यावे लागतात. ते केले नाही तर बँकेला लहानपणचा चेहरा दिसेल आणि जुळणी अवघड होईल. वसतिगृहात राहणाऱ्यांचा आधारला जोडलेला मोबाइल बहुधा बाबांचा असतो. तो फोन जवळ नसेल तर ओटीपीसाठी कॉल अडून राहतो.

म्हणून पुढच्या सुट्टीत घरी गेल्यावर तीन गोष्टी पाहून घ्या : आधारमधला फोटो कोणत्या वयाचा आहे, त्याला कोणाचा मोबाइल जोडला आहे आणि पॅनवर फोटो आहे का.