कुड्याचं पाळ आणि अक्काचे वीस वेढे

अक्काची औषधं लिहून काढायची म्हणतेस, तर पोरी, आधी एकच औषध घेऊन बस. पहिल्या दिवशी पन्नास औषधांची यादी केलीस की हाती नुसती नावं राहतात. ‘जुलाबावर कुडा, खोकल्यावर अडुळसा, पोटदुखीवर मुरुडशेंग’ एवढं आपल्या आळीत कुणीही सांगेल. अक्का तुझी आजी आणि माझी थोरली बहीण, आणि मी जन्मभर वनस्पतिशास्त्र शिकवलं. त्यामुळे तिच्या औषधातलं काय कागदावर येतं आणि काय निसटतं, हे मी जवळून पाहिलंय. कुड्यापासून सुरुवात कर. ते एक नीट उतरलं की बाकीची कशी लिहायची ते तुझं तुलाच कळेल.

अक्का म्हणते, ‘कुड्याचं पाळ ताकातून दे.’ कुठला कुडा, हा तुझा पहिला प्रश्न. आपल्या रानात कुडे बरेच आहेत. पांढरा कुडा आहे, त्यालाच कडू कुडा म्हणतात. काळा कुडा आहे, तांबडा आहे आणि नागलकुडाही आहे. जुलाबासाठी शास्त्रात सांगितलेला कुटज म्हणजे पांढरा कुडा, होलार्‍हेना प्युबेसेन्स. काळा कुडा म्हणजे राइटिया टिंक्टोरिया. तो त्याच कुळातला, पण झाड वेगळं आणि सालीतला गुणही वेगळा. पान तोडलं की चीक दोघांनाही येतो आणि फुलं दोघांचीही पांढरी, म्हणून चिकावर किंवा रंगावर जाऊ नकोस. फूल हातात घेऊन त्याच्या तोंडाशी बघ. काळ्या कुड्याच्या फुलात मध्यभागी पांढऱ्या तंतूंची झालर असते, पांढऱ्या कुड्यात ती नसते. शेंगा दोघांच्याही जोडीनं लोंबतात. पांढऱ्याच्या दोन शेंगा टोकापर्यंत सुट्या असतात. काळ्याच्या कोवळ्या शेंगांची टोकं एकमेकांना चिकटलेली असतात आणि पिकल्यावर सुटतात. बी तर बाजारातही वेगळं ओळखतात, पांढऱ्याचे कडू इंद्रजव आणि काळ्याचे गोड इंद्रजव. नागलकुड्याची फळं पिकल्यावर नारिंगी होतात, वाकडी आणि जोडीनं येणारी, त्यामुळे फळ असेल तर तिथे घोटाळा होत नाही.

हे सगळं झाडाखाली उभं राहून बघायचं. बरणीतल्या वाळल्या सालीवरून कुडा ओळखणारी माणसं थोडी, आणि त्यांच्याकडूनही चूक होते. म्हणून अक्काला घेऊन झाडापाशी जा आणि ‘हेच ना?’ असं विचारू नकोस. ‘दाखव’ म्हण आणि गप्प राहा. आपण बोट दाखवून विचारलं की म्हातारी माणसं आपलं मन राखायला ‘हो’ म्हणून मोकळी होतात.

मग फुलासकट हातभर फांदी घे. जुन्या वर्तमानपत्रात पानं पसरून ठेव, एखाददुसरं पान उलटं ठेव म्हणजे मागची बाजूही दिसेल. वर जड पाट ठेव. पहिला आठवडा रोज कागद बदल. पावसाळ्यात हे चुकलं तर चार दिवसांत बुरशी येते आणि फांदी काळी पडते. सोबतच्या चिठ्ठीवर अक्कानं वापरलेलं नाव, जागा, तारीख, झाडाची उंची, फुलाचा रंग आणि चिकाचा रंग लिही. वाळल्यावर रंग उडतो, म्हणून रंग तिथल्या तिथे लिहायचा. शंका उरली तर हाच नमुना पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या कार्यालयात किंवा आघारकर संशोधन संस्थेत दाखवता येतो, मुंबईत झेवियर महाविद्यालयाच्या ब्लॅटर हर्बेरियममध्येही. मोबाइलवरचा फोटो सोबत असू दे, पण फूल नसलेल्या फोटोवर भरवसा ठेवू नकोस.

आता ‘पाळ’. आपल्याकडे पाळ म्हणजे मूळ. पण मूळ लिहून थांबू नकोस. अक्का मूळ सालीसकट उगाळते, की साल सोलून नुसती सालच घेते? औषधाचं सत्त्व सालीत असतं, आतल्या लाकडात ते फार थोडं. लाकूडच उगाळलंस तर सहाणेवर गंध दिसतं आणि गुण दिसत नाही. मूळ ओलं की सावलीत वाळवलेलं, कधी काढलेलं, करंगळीएवढं की अंगठ्याएवढं, हेही लिही. आणि काढताना झाड मारू नकोस. बाजूचं एखादं मूळ घ्यावं, माती परत लोटावी. खोडाची साल हवी असेल तर एका बाजूला उभी पट्टी काढावी. खोडाभोवती गोल साल सोललीस तर ते झाड गेलंच समज.

खरी पंचाईत मात्रेची आहे. अक्काची मात्रा वेढ्यांत असते. ‘मोठ्या माणसाला वीस वेढे’ असं ती सांगेल आणि तू ते लिहून घेशील. पण वेढा हे माप अक्काच्या मनगटात आहे. तिची सहाण तिच्या सासूच्या वेळची, झिजून गुळगुळीत झालेली. तू बाजारातून नवी खरबरीत सहाण आणलीस आणि तरण्या हातानं वीस वेढे दिलेस, तर तिच्या दुप्पट-तिप्पट औषध सहज उतरेल. म्हणून वेढ्याचं वजन काढ. सोनाराकडे असतो तसा शतांश ग्रॅम दाखवणारा छोटा काटा आता कुठेही मिळतो.

एक हलकी स्टीलची ताटली कोरडी करून वजन कर. अक्कालाच उगाळायला सांग, तिच्याच सहाणेवर, नेहमीच्या जोरानं. वजनासाठी मात्र ताक न घेता पाण्यात उगाळायचं, कारण ताकाचा चोथाही वाळून वजनात येतो. वीस वेढ्यांचा गाळ काट्याला नीट कळणार नाही, म्हणून शंभर वेढे घ्यायचे. मध्ये अक्का थकेल, तिला थांबू दे. सहाण धुऊन सगळं ताटलीत घे, उन्हात कडकडीत वाळव आणि पुन्हा वजन कर. समजा रिकामी ताटली 42.16 ग्रॅम होती आणि वाळल्यावर 42.66 भरली. म्हणजे शंभर वेढ्यांत अर्धा ग्रॅम आणि अक्काच्या वीस वेढ्यांत 100 मिलिग्रॅम. मग तेच तुझ्या हातानं करून बघ आणि दोन्ही आकडे शेजारी लिही. गाळाऐवजी मुळाच्या कांडीचं आधी-नंतर वजन केलं तर चालेल असं वाटतं, पण कांडी पाणी पिते आणि काटा फसतो.

बाकीची मापंही अशीच धरायची. तिची वाटी पाण्यानं भरून किती मिलिलिटर ते मोज. ताक गोड की आंबट, घट्ट की पाणीदार, तेही लिही. दिवसातून किती वेळा, जेवणाआधी की नंतर, किती दिवस हे विचार. आठ दिवसांनी काही न सुचवता पुन्हा विचार. उत्तर बदललं तर दोन्ही उत्तरं तारखेसकट ठेव. अक्का बहुधा विसरलेली नसेल, दुसऱ्या वेळी तिच्या डोळ्यासमोर दुसरा रोगी असेल. ‘कोणासाठी वीस आणि कोणासाठी दहा?’ असं विचारलंस की गाठ सुटते.

मग विचार, ‘कोणाला देत नाहीस?’ हा प्रश्न कोणी विचारत नाही आणि सगळ्यात मोलाचं उत्तर याचंच मिळतं. गरोदर बाईला नाही, तान्ह्याला नाही, असं ती पटकन सांगेल. सोबत काय देते तेही टिपून घे. ती मऊ भात आणि मीठ घातलेली पेज देते, तिखट बंद करते. साधे जुलाब दोन-चार दिवसांत आपोआपही थांबतात. तेव्हा गुण कुड्याचा, पेजेचा की दिवसांचा, हे एका माणसावरून ठरत नाही. ज्यांना दिलं त्यांची तारीखवार नोंद ठेव, गुण न आलेल्यांची आधी.

वहीत दोन शाया वापर. अक्कानं सांगितलं ते निळ्या शाईत, तिच्याच शब्दांत. तू किंवा डॉक्टरांनी जोडलं ते लाल शाईत. कुड्याच्या पानावर लाल शाईत एवढं आलंच पाहिजे: शौचात रक्त, ताप, सतत उलट्या, लघवी कमी होणं किंवा लहान मुलाचे डोळे खोल जाणं, यातलं काहीही दिसलं तर सहाण बाजूला ठेवून दवाखाना गाठायचा. कुडा जुलाब आवरेल, अंगातून गेलेलं पाणी आणि मीठ भरून काढणार नाही. त्यासाठी ओआरएसची पुडी, आणि ती नसेल तर उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा.

बाळगुटी मात्र घाईनं लिहू नकोस. ती लिहावीच, पण पानाच्या डोक्यावर ‘नोंदीसाठी, वापरासाठी नाही’ असं लाल शाईत घाल. वेखंडात बीटा-असारोन नावाचा घटक असतो आणि 1968 पासून अमेरिकेत वेखंड खाण्याच्या पदार्थांत घालायला बंदी आहे. जायफळाची मात्रा जास्त झाली तर बाळाला भलतीच गुंगी येते. मधाचं बोट वर्षाच्या आतल्या बाळाला द्यायचं नाही, त्यातून बोट्युलिझम होऊ शकतो. सहा महिन्यांपर्यंत अंगावरच्या दुधाशिवाय काही देऊ नये, असं डॉक्टर सांगतात. अक्काला ते पटणार नाही. वाद घालू नकोस, दोन्ही लिही.

गुटीतलं अतिविष हिमालयातून येतं. ते झाड अक्कानं कधी पाहिलेलं नाही, तेव्हा त्याची ओळख झाडाखाली होणार नाही. तिथे ‘काष्ठौषधीच्या दुकानातून’ असं लिही, दुकान आणि तारीख टाक आणि एक तुकडा चिठ्ठी लावून बाटलीत ठेव. अतिविष आणि बचनाग एकाच वंशातले, आणि बचनाग माणूस मारतो. दोघांची मुळं दिसायला जवळची, आणि अतिविष महाग म्हणून भेसळीला जागा. चाखून फरक ठरवायच्या फंदात कधी पडू नकोस. जिथे ओळख पक्की नाही तिथे मात्रेचा रकाना कोरा ठेवायचा. अक्कानं आकडा सांगितला असला तरी तो तिथे लिहायचा नाही, कारण उद्या वही उघडणारा वरच्या शंका वाचत नाही, थेट आकड्यावर जातो.

कुड्याची फुलं उन्हाळ्याच्या शेवटाला आणि पावसाच्या तोंडाला मिळतात, पिकल्या शेंगा थंडीत. म्हणजे एका झाडाला दोन खेपा घालाव्या लागतील. पहिल्या खेपेला झाडावर चिंधी बांध, आणि ती कुठल्या बांधावर, कोणाच्या आवारात, हे वहीत लिही.