उचल आणि भीक

गेल्या वर्षी एका निवासी शाळेसाठी निधी गोळा करणारी फिल्म झाली. तिच्या शेवटी पटकथालेखिका म्हणून माझं नाव येतं. ती पटकथा माझी नाही. नाव काढा म्हणून मी संस्थेला दोनदा लेखी कळवलं, उत्तर आलं नाही. राहिलेलं मानधनही आलं नाही, पण ते आता मला नकोच आहे. हे लिहिण्याचं कारण वेगळं आहे. अशा फिल्म लिहायचं काम दर वर्षी नव्या नव्या मुलामुलींकडे येतं, आणि मला जे ठेच लागून कळलं ते त्यांना आधी कळावं.

शाळा ऊसतोड मजुरांच्या मुलांची. आईबाप दिवाळीच्या सुमाराला कारखान्याकडे जातात, मुलं मार्च-एप्रिलपर्यंत वसतिगृहात राहतात. मी तिथे दोन दिवस राहून तीन मिनिटांची पटकथा लिहिली होती. त्यात रडणं नव्हतं. संस्थेच्या सचिवांनी ती वाचून 'छान' म्हटलं, आणि चित्रीकरणाच्या दिवशी बाजूला ठेवली.

पाचवीतली एक मुलगी कॅमेऱ्यासमोर बसवली. दिग्दर्शकानं विचारलं, "आईची आठवण येते का?" ती सरळ म्हणाली, "येते की." मग, "रात्री जास्त येते का?" ती म्हणाली, "कधी कधी." मग, "आई तिकडं आजारी पडली तर तुला कोण सांगेल?" मुलगी गप्प झाली. चौथा प्रश्न, "आई परत आलीच नाही तर?" तिचा ओठ थरथरला आणि कॅमेरा तिच्या चेहऱ्याच्या जवळ गेला. मी तिथेच, सगळ्यांसमोर हरकत घेतली. सचिव मला बाहेर घेऊन गेले आणि म्हणाले, "मॅडम, डोळ्यांत पाणी आल्याशिवाय माणसाचा हात खिशात जात नाही. तुमचं साहित्य वेगळं, आमचा संसार वेगळा." हे वाक्य मी विसरलेली नाही.

डोळे पुसल्यावर ती मुलगी आणखी एक वाक्य बोलली होती: "आई आली की मी तिला मुकादमाचा हिशेब वाचून दाखवते. तिला वाचता येत नाही." दोन दिवसांत ऐकलेलं ते सगळ्यात मोलाचं वाक्य होतं. शाळा कशासाठी चालते, हे त्यात पूर्ण आलं होतं. संकलनात ते गेलं. प्रश्न विचारणाऱ्याचा आवाजही गेला. उरलं ते आपोआप आल्यासारखं दिसणारं रडू, खाली बासरी आणि निवेदन, "हे अश्रू तुम्ही पुसाल ना?"

जानेवारीत मला तिच्या वडिलांचा फोन आला. नंबर अधीक्षिकाबाईंनी दिला होता. फडात, सगळ्या टोळीसमोर, मुकादमानं त्यांना मोबाइलवर ती फिल्म दाखवली होती. ते चिडून बोलत नव्हते, आवाज अगदी खाली होता. "मॅडम, आम्ही उचल घेतो, अंगावर फेडतो. भीक न्हाई मागत. माझ्या लेकराला कुणापुढं हात पसरायला लावलं तुम्ही?"

पटकथा माझी नाही, हे मी त्यांना सांगायचा प्रयत्न केला. त्या माणसाला त्याचा काय उपयोग? हंगामाआधी नवरा-बायकोच्या कोयत्यावर हजारो रुपयांची उचल घ्यायची आणि सहा महिने ऊस तोडून ती फेडायची, यावर ज्याची गावातली पत उभी आहे, त्याला आपण चारचौघांत याचक ठरवलं होतं. दोनच दिवसांत ते आले आणि मुलीला फडावर घेऊन गेले. मुलांनी फडावर जाऊ नये म्हणून चालणाऱ्या शाळेच्या फिल्मनं एक मूल फडावर पाठवलं.

संस्थेचं म्हणणं, आमच्याकडे संमती आहे. होती. जूनमध्ये प्रवेशअर्जावर, 'फोटो व चित्रीकरणास हरकत नाही' या छापील ओळीखाली अंगठा होता. कसली फिल्म, कुठे दाखवणार, मुलगी त्यात काय करताना दिसणार, हे त्या अंगठ्याला माहीत नव्हतं. प्रवेश हवा असेल तर कुठलाही बाप त्या ओळीखाली अंगठा देईल.

आता पैशाचं. त्या फिल्मला पहिल्या आठवड्यात पैसे आले, हे मी लपवणार नाही. सचिव तेच पुढे करतात. एकाच मुलाची गोष्ट आकडेवारीपेक्षा जास्त देणगी मिळवते, हे २००७ साली स्मॉल, लोवेनस्टाइन आणि स्लोव्हिक यांना प्रयोगांत दिसलं होतं, आणि निधी गोळा करणारी मंडळी ते सारखं सांगतात. ते बरोबर धरू. पण त्यातून एवढंच निघतं की एका मुलाबद्दल बोला. त्या मुलाला आधी रडवा, असं त्यातून निघत नाही.

पुढच्या हंगामात दुसऱ्या एका संस्थेसाठी मी अशीच फिल्म लिहिली. ती कशी बांधली ते नीट सांगते, कारण उपयोगाचं तेवढंच आहे.

लांबी दोन मिनिटं चाळीस सेकंद. निवेदन दोनशे शब्दांच्या आत. मराठीत यापेक्षा जास्त शब्द घातले तर निवेदक धावतो आणि मुलांचे आवाज दबतात. मी शोधत होते तो प्रसंग, जिथे मूल काहीतरी करत असेल. तो मिळाला रविवारी संध्याकाळी सातला. त्या वेळी आईबाप कोपीवर परतलेले असतात. बाईंच्या मोबाइलपुढे मुलांची रांग लागते, प्रत्येकाला चार मिनिटं. एक मुलगी मांडीवर वही उघडी ठेवून बोलत होती. "आज किती मोळ्या झाल्या?" आई सांगत होती, ही लिहीत होती. आठवड्याची बेरीज केली, मागच्या रविवारचा आकडा काढला आणि म्हणाली, "मग बुधवारच्या कमी लिहिल्यात त्यांनी. दादांना सांग, विचारा म्हणावं."

फिल्म तिथेच सुरू होते. चेहरा नाही. हात, पेन्सिल, वही आणि दोघींचे आवाज. पहिली पन्नास सेकंदं निवेदन नाही. बघणाऱ्याला हळूहळू कळतं की आई लांब आहे, अडाणी आहे, तिला फसवलं जाऊ शकतं आणि तिची दहा वर्षांची मुलगी तिचा हिशेब राखते आहे. आईपासून लांब राहण्याचं दुःख त्यात आहेच, पण ते त्या मुलीच्या ताब्यात आहे. कोणी तिच्याकडून काढून घेतलेलं नाही. फिल्म दाखवली तेव्हा पन्नाशीचे एक गृहस्थ चष्मा काढून बसले होते. डोळ्यांत पाणी यायला मुलाला रडावं लागत नाही.

मग तीस सेकंद शाळेचा दिवस, आणि नंतर मागणी. इथे बहुतेक पटकथा घसरतात. 'एका मुलाचं भविष्य घडवा' याला काही अर्थ नाही. किती पैशांत काय होतं, ते सांगा, आणि आकडा किराणा-वहीतून काढा. त्या शाळेत जेवण, दूध, साबण-तेल धरून एका मुलाचा दिवसाचा खर्च ८५ रुपये होता. हंगाम १८० दिवसांचा धरला, म्हणजे एका मुलाचे १५,३०० रुपये. पडद्यावर हे दोनच आकडे ठेवले, आणि ऐंशी मुलांपैकी चौतीस मुलांची सोय अजून व्हायची आहे, हे एक वाक्य. 'या मुलीचा खर्च उचला' असं मी लिहू दिलं नाही. पैसे एकाच स्वयंपाकघरात जातात. एका मुलीच्या नावावर पंधरा जणांकडून घेणं ही फसवणूक आहे, आणि तिला शोधत देणगीदार शाळेच्या दारात येतात ते वेगळंच.

एक चूक माझ्याकडूनही होता होता राहिली. वहीच्या जवळच्या दृश्यात मुकादमाचं नाव आणि कारखाना स्पष्ट वाचता येत होता. ते तसंच गेलं असतं तर पुढच्या हंगामात त्या जोडप्याला टोळीत कोणी घेतलं नसतं. ते पान आम्ही दुसऱ्या वहीत, नावं वगळून पुन्हा लिहून घेतलं. म्हणून सांगते, कच्चं संकलन एकदा आवाज बंद करून बघा आणि प्रत्येक चौकट थांबवून वाचा: पाट्या, वह्या, गणवेशावरचं नाव, गाडीचा नंबर. बालन्याय कायदा, २०१५ च्या कलम ७४ नुसार काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलाची ओळख पटेल असं नाव, पत्ता, शाळा माध्यमांतून उघड करता येत नाही. आपल्या वसतिगृहातली मुलं त्यात बसतात का, यावर वकील वाद घालतील. लिहिणाऱ्यानं ती रेघ आपण होऊन पाळावी.

संमती दोनदा घ्या. एकदा चित्रीकरणाआधी, मुलाला आणि पालकांना गोष्ट सांगून. दुसऱ्यांदा फिल्म तयार झाल्यावर, ती पालकांना दाखवून. आम्ही मोबाइलवर पाठवली आणि फोन करून विचारलं. एका आईनं मुलगी ताट घासतेय ते दृश्य काढायला लावलं. म्हणाली, "घरी मी तिला भांड्याला हात लावू देत नाही. बघणाऱ्याला वाटंल तिकडं राबवतात." आमच्या कुणाच्याच ते लक्षात आलं नव्हतं. काढलं.

बाकीचं सगळ्यांना माहीत असतं, तरी सांगते. संगीत कमी ठेवा. पावती वेळेवर द्या. पैसे कुठे गेले ते हंगाम संपल्यावर कळवा.

आणि करार. माझ्या पहिल्या करारात पटकथा बदलण्याचा हक्क पूर्णपणे संस्थेकडे होता, आणि मी न वाचता सही केली होती. आता माझ्या करारात दोन ओळी असतात: 'अंतिम संकलन लेखिकेला दाखवल्याशिवाय तिचं नाव वापरता येणार नाही. मुलाला रडू येईल असा प्रश्न विचारला गेल्यास ते चित्रीकरण वापरलं जाणार नाही.' दोन संस्थांनी या ओळी वाचून काम काढून घेतलं. त्यांचं काम गेलं याचं मला वाईट वाटत नाही.

ती पहिली फिल्म अजून दाखवली जाते. त्यातली मुलगी त्या वर्षी पाचवीच्या वार्षिक परीक्षेला शाळेत नव्हती. तुमच्याकडे अशी पटकथा लिहायला आली, तर पहिलं वाक्य लिहिण्याआधी त्या मुलाच्या आईबापाला एक फोन करा.